ती माझ्यावरून उठली नाही

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. छत्री असो, पाटी असो, फुटका चष्मा असो, सगळ्यांची मनं कशी आभाळाएवढी. माझं मन माझ्या बैठकीएवढं आहे, जेमतेम दोन विती. त्यात एकच गोष्ट मावली आहे आणि ती काही केल्या खाली उतरत नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. माझ्या सांध्यांत एकही खिळा नाही. खाचेत लाकूड बसवायचं, सरस लावायचा आणि दोरीनं आवळून वाळेपर्यंत ठेवायचं, अशी त्याची पद्धत. पाठीला तीन पट्ट्या, बसायला वेताचं विणकाम. मी तयार झाले तेव्हा तो स्वतः माझ्यावर धपकन बसला, डावीकडे झुलला, उजवीकडे झुलला, आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ये गं, बघ जरा, कुरकूर करते का." मी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी जे कौतुक झालं तेवढंच. पुढे मुलींच्या होस्टेलमध्ये आले आणि माझ्या नशिबी ओले टॉवेल, सांडलेला चहा आणि दोन पायांवर झुलणाऱ्या पोरी आल्या.

लोकांना वाटतं, खुर्चीला काय कळतं? न डोळे, न कान. पण माणूस एकदा बसला ना, की त्याचं काही लपत नाही बरं. परीक्षेच्या भीतीनं गुडघा हलतो तो मला आधी कळतो. घरून वाईट बातमी आली की माणूस बसत नाही, पडतो. खोटं बोलताना माणसं टाचा उचलतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते. कित्येक मुली आल्या, बसल्या, पास झाल्या, निघून गेल्या. एकीनंही वळून माझ्याकडे पाहिलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मग त्या दोघी आल्या.

दोघी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. एकीचे केस कंगव्याला दाद देत नसत, म्हणून सगळा पॅसेज तिला झिप्री म्हणायचा. ती वनस्पतिशास्त्राची. पानं, फुलं, मुळं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि खोलीभर गवताचा वास करून ठेवायची. दुसरी गणिताची. कुणी काही विचारलं की आधी "नीट वाच" म्हणायची, म्हणून ती मास्तरीण. तिची आई खरोखरच शाळेत शिकवायची, त्यामुळे नाव अगदी फिट बसलं. पहिल्या आठवड्यात दोघी खिडकीवरून भांडल्या, एकीला उघडी हवी, दुसरीला बंद. दुसऱ्या आठवड्यात अर्धी उघडी ठेवायचं ठरलं. आणि महिन्याभरात असं गुळपीठ जमलं की एकीला ताप आला तर दुसरी पडून राहायची.

खोलीत खुर्च्या दोन होत्या. पण माझ्या जोडीदारणीचं वेत मधोमध फाटलं होतं. तिच्यावर झिप्रीनं आपल्या वाळत्या पानांचा गठ्ठा आणि वर दोन जाडजूड पुस्तकं रचली होती. राहिले मी. झिप्रीला वनस्पतिशास्त्रातही आकडेमोड होती, सरासरी आणि विचलन आणि काय काय, आणि ते समोर आलं की ती वही मिटून टाकायची. मास्तरीण माझ्यावर बसून वहीत मांडून दाखवायची आणि झिप्री मागे उभी राहून खांद्यावरून वाकून बघायची.

एके संध्याकाळी मास्तरीण म्हणाली, "अशी उभी राहून तुझ्या डोक्यात काय जाणार आहे? ये, बस इथंच."

"कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"सरकते ना मी. ये."

आणि ती माझ्या डाव्या कडेला सरकली. तिनं स्वतःहून सरकून जागा केली, स्वतःहून बोलावलं, आणि झिप्री संकोचून उभीच राहिली तेव्हा मनगटाला धरून खाली बसवलं. मित्रांनो, हे असं घडलं. माझ्या वेताची शपथ घेऊन सांगते, असंच घडलं.

त्यानंतर दोघी माझ्यावरच बसू लागल्या, अर्धी अर्धी. अभ्यासाला, चहाला, भोंग्याच्या चुगल्या ऐकायला. भोंगा म्हणजे शेजारच्या खोलीतली मुलगी. तिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत मेसच्या आचाऱ्याला माहीत असायची. पण मनानं वाईट नव्हती, फक्त तोंडाला झाकण नव्हतं.

सुरुवातीला यात काहीच नव्हतं, म्हणजे त्यांना काही वाटत नव्हतं. झिप्री कॉलेजातून आली की दार उघडताच बोलायला लागायची. बस चुकली, सरांनी चुकीचं झाड दाखवलं, वाटेत एका कुत्र्यानं तिच्या पिशवीतला पाव पळवला. मास्तरीणला सांगेपर्यंत तो दिवस तिच्या हिशेबी घडलेलाच नसायचा. आणि मास्तरीण, जी वर्गात कुणाशी चार शब्द जास्त बोलायची नाही, ती ऐकता ऐकता हसून पुढे झुकायची. मला वाटायचं, बरं झालं बाई, दोघींना मैत्रीण मिळाली. मी जुनी आणि अनुभवी, तरी मलाही कळायला वेळ लागला.

पहिल्यांदा शंका आली ती सुट्टीत. झिप्री घरी गेली होती. मास्तरीणला पेपर पूर्ण करायचा म्हणून ती मागे राहिली. सगळी खोली तिची, सगळी खुर्ची तिची. तरी ती माझ्यावर डाव्या कडेलाच बसली. अर्धी जागा मोकळी. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, ती स्वतःशीच हसली आणि मधोमध सरकून बसली. पाच ओळी लिहिल्या असतील नसतील, परत कडेला. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि मोकळ्या जागेवर तळहात टेकवून बसून राहिली. झिप्री आली तेव्हा मात्र नुसतं म्हणाली, "आलीस? चावी ठेव तिथं." झिप्रीला वाटलं, हिला काही फरक पडला नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

मग होस्टेलमध्ये वेतवाला आला. फाटलेल्या खुर्च्या गोळा करून त्यानं मागच्या व्हरांड्यात विणायला घेतल्या. पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या भोकांतून ओढायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या. माझी जोडीदारीण नवी कोरी होऊन परत आली. दोघींनी तिचं तोंडभर कौतुक केलं, हात फिरवला, वाहवा म्हटलं, आणि तिच्यावर धुतलेले कपडे टाकून दोघी पुन्हा माझ्यावर येऊन बसल्या.

भोंगा चहा मागायला आली आणि बघतच राहिली. "अगं, आता दोन खुर्च्या आहेत ना तुमच्याकडे?"

"तिचं वेत टोचतं," झिप्री म्हणाली.

"नवीन आहे ना, टोचतं," मास्तरीणही त्याच क्षणी म्हणाली.

भोंगा हसली, "एक म्यान, दोन तलवारी" असं काहीसं चिडवून निघून गेली. पण खोलीत कुणी हसलं नाही. आपण खोटं बोललो हे दोघींना कळलं होतं, आणि न ठरवता दोघी एकच खोटं बोललो हेही. नव्या वेतावर तर अजून कुणी टेकलंही नव्हतं. मास्तरीणनं वही उघडली, झिप्रीनं पेन्सिलला टोक केलं. टोक असलेल्याच पेन्सिलला.

तेव्हापासून एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. झिप्रीच्या प्रयोगशाळेत एक मुलगा होता, उंच, गप्पिष्ट. ती त्याच्या गोष्टी सांगायला लागली. तो असा म्हणाला, तो तसं म्हणाला, सहलीला त्यानं माझी पिशवी उचलली. मास्तरीण एरवी शांत, पण त्या दिवशी गणित समजावताना एकदम वसकन अंगावर आली. "शंभरदा सांगितलंय, आधी वर्ग करायचा मग बेरीज. लक्ष कुठं असतं तुझं?"

"तुला काय झालं?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

डोकं बिकं काही दुखत नव्हतं. तिच्या टाचा वर होत्या. आणि झिप्री? तिला त्या मुलाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याचं नाव निघालं की मास्तरीणचा श्वास कसा अडकतो तेवढं बघायला ती त्याला रोज खोलीत आणत होती. हे तिचं तिलाच कळलं तेव्हा ती गोष्ट मध्येच सोडून गप्प झाली, आणि पुन्हा त्या मुलाचं नाव खोलीत निघालं नाही.

रविवारी झिप्रीचे केस विंचरायचं काम मास्तरीणकडे होतं. मास्तरीण माझ्यावर, झिप्री खाली जमिनीवर, पाठ माझ्या पायांना टेकून. कंगवा अडकला की झिप्री कोकलायची, मास्तरीण म्हणायची, "या जंगलात एखादं पाखरू सापडेल कधीतरी." असं वर्षभर चाललं होतं. पण त्या रविवारी कंगवा मानेपाशी आला आणि थांबला. मास्तरीणच्या हातात केसांचा झुपका होता, आणि तो तिनं नुसता धरून ठेवला. झिप्रीही ओरडली नाही. तिची पाठ माझ्या पायांना टेकलेली होती ती हळूहळू ताठ झाली. मित्रांनो, केस तेच, कंगवा तोच, हातही तेच. पण ते आतापर्यंत बिनघोर होते, आणि आता त्यांना जाग आली होती.

मास्तरीणनं घाईघाईनं वेणी घातली. पुढच्या रविवारी झिप्री म्हणाली, "राहू दे, माझं मी करते." आणि तिनं स्वतःचे केस असे काही विंचरले की मेसमध्ये विचारपूस झाली, वादळ कुठं आलं होतं म्हणून.

यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. माझ्यावर बसायच्या दोघी अजूनही, पण मध्ये बोटभर जागा ठेवून. कोपर लागलं तर "सॉरी". पेन दिला तर "थँक्यू". जिच्या ताटातला घास विचारल्याशिवाय उचलायचा, तिला सॉरी! कपडे बदलताना एक पॅसेजमध्ये जाऊन उभी राहायची. प्रत्येकीला वाटत होतं, हे माझंच काहीतरी बिनसलंय, तिला कळलं तर ती तोंड बघणार नाही माझं. दोघी एकच ओझं दोन टोकांना धरून उभ्या आणि दोघींना वाटतं आपण एकट्याच उचललंय. मला तर वाटे, एक पाय मुद्दाम मोडावा आणि दोघींना एकत्र आपटावं.

शेवटी बोलली झिप्रीच. दुपारची वेळ होती, पॅसेज रिकामा, सगळ्या कॉलेजात.

"तू हल्ली मला सॉरी म्हणतेस," ती म्हणाली.

"मग? लागलं तर सॉरी म्हणायचं नाही?"

"आधी नव्हतीस म्हणत." ती वळून बसली. "मला एक सांगायचंय. सांगितल्यावर तुला खोली बदलायची असली तर बदल. मला दिवसभरातलं सगळं तुलाच सांगावंसं वाटतं, ते एक ठीक आहे. मैत्रिणींना सांगतोच आपण. पण आता तू शेजारी बसलीस की मला काही सांगताच येत नाही. तोंड कोरडं पडतं. मैत्रिणीचं असं होतं का गं?"

मास्तरीण वहीच्या कोपऱ्याला दुमड घालत राहिली. मग म्हणाली, "मी तपासून पाहिलं."

"काय?"

"मला आधी वाटलं, सवय आहे. एकत्र राहतो म्हणून. पण सवय असती तर तू सुट्टीला गेलीस तेव्हा कमी व्हायला हवी होती. ती वाढली. मग वाटलं, एकटेपणा असेल. पण दुसऱ्या कुणी येऊन बसलं तर मला ते नको वाटायचं. मग वाटलं, तुझा तो प्रयोगशाळेतला दीडशहाणा..." तिनं वही मिटली. "त्याच्यानंतर तपासण्यासारखं काही राहिलंच नाही."

झिप्री हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मास्तरीणनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "चालेल का?" असं तिनं विचारलं, मी ऐकलं. झिप्रीनं मान हलवली. मग मास्तरीणनं तिच्या कपाळावर ओठ टेकले, आणि मग ओठांवर. मधली बोटभर जागा गेली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर इतकं हलकं कुणी बसलं नव्हतं.

पुढचे काही दिवस त्या खोलीत नुसती चंगळ होती, आनंदाची. "तुला कधी कळलं?" "आधी तू सांग." "खुर्चीचं खोटं बोललो तेव्हा." "छे, मला तर सुट्टीत." दोघी आपल्याच मूर्खपणावर पोट धरून हसायच्या, की एवढ्या हुशार मुली आणि उत्तर काढायला वर्ष लागलं. पुढचं वर्षही याच खोलीत काढायचं, हे तर न बोलताच ठरलं.

आता आमच्या होस्टेलची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये जमायचं. तिथं जमिनीवर पंगत असते, बाकं नाहीत, म्हणून प्रत्येकीनं आपापल्या खोलीतली खुर्ची उचलून न्यायची. रेक्टरबाई एकेक खोलीचा नंबर पुकारतात. ज्या दोघींना पुढच्या वर्षी एकत्र राहायचंय त्यांनी उभं राहायचं. दोघी उठल्या तर खोली त्यांची. एकच उठली तर खोली मोडली, दोघी नव्या जोडीदारणी शोधायला मोकळ्या. आणि जी बसून राहिली तिला रेक्टरबाई सगळ्यांदेखत विचारतात, "का गं, काय अडचण?" पूर्वी पाठीमागे कुरबुरी फार व्हायच्या म्हणून ही पद्धत काढली म्हणे, की काय ते तोंडावर बोला. उत्तरं ठरलेली असतात. घोरते, पंखा लावू देत नाही, माझा साबण वापरते. सगळ्या हसतात आणि विषय संपतो.

तर त्याच्या जरा आधीची गोष्ट. एका दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं. दोघी माझ्यावर, झिप्रीचं डोकं मास्तरीणच्या खांद्यावर, हातात हात आणि मास्तरीणचे ओठ तिच्या केसांत. दार ढकलून भोंगा आत आली. तिनं पाहिलं. आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा भोंगा काहीच बोलली नाही. "चहापत्ती..." एवढं पुटपुटून दार ओढून निघून गेली.

झिप्री म्हणाली, "जाऊ दे. कधीतरी कळणारच होतं."

मास्तरीणचं अंग मात्र थंडगार पडलं होतं. भोंगा ओरडली असती, चिडवलं असतं, तर तिनं हसून वेळ मारून नेली असती. पण भोंगा गप्प राहिली म्हणजे तिला सगळं कळलं. "आईच्या कानावर गेलं तर?" ती म्हणाली. "ती शाळेत शिकवते गं. चार लोकांत तिला मान आहे." झिप्रीनं तिचा हात घट्ट धरला. मास्तरीणनं तो सोडवून घेतला, हळूच, दुखणार नाही असा.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जोडीदारणीवरचे कपडे उचलले आणि ती तिकडं बसू लागली. "परीक्षा जवळ आलीय, दाटीवाटीत सुचत नाही." झिप्रीनं ते खरं मानलं. तिचा स्वभावच तसा, सांगितलं ते खरं. सभेच्या दिवशी सकाळी तिनं केसांशी झटापट करता करता विचारलं, "आज उभं राहायचंय ना?"

"हो गं. वेडी आहेस का?" मास्तरीण म्हणाली. ती तेव्हा माझ्यावर बसून सँडलचा पट्टा लावत होती. तिच्या टाचा जमिनीला नीट टेकलेल्या होत्या. म्हणून म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. हेच मला जास्त लागलं.

हॉलमध्ये मास्तरीणनं मला नेलं, झिप्रीनं जोडीदारणीला. शेजारी शेजारी ठेवल्या. पुढच्या रांगेत भोंगा, आणि तिच्या आजूबाजूला पाच-सहा जणी माना जवळ घेऊन बसलेल्या. त्यांच्यातली एक वळून मास्तरीणकडे बघून हसली. कशाला हसली कोण जाणे. भोंग्यानं कुणाला काही सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण त्या हसण्यानं मास्तरीणच्या मांड्या दगडासारख्या झाल्या.

आमच्या खोलीचा नंबर पुकारला.

झिप्री उठली. ताडकन, वाट बघत असल्यासारखी, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज करत. मी मास्तरीणच्या उठण्याची वाट पाहिली. माणूस उठायच्या आधी काय करतो ते मला तोंडपाठ आहे. पावलं मागे घेतो, हात कडेला रोवतो, वजन पुढे नेतो. तिनं पावलं मागे घेतली. हात माझ्या कडेला रोवले, इतके घट्ट की वेत करकरलं. वजन पुढे गेलं, मी हलकी व्हायला लागले, आणि मग ती परत माझ्यावर बसली. एखादं पोतं टाकावं तशी.

झिप्री उभीच. तिनं खाली वळून पाहिलं. तिला वाटलं असेल, नंबर ऐकला नाही हिनं. "अगं, आपला," ती हळूच म्हणाली.

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "का गं मास्तरीण, तुमचं तर एकमेकींवाचून पान हलत नाही. काय अडचण?"

बोलायचं होतं ना, "पंखा". बोलायचं होतं, "घोरते". अख्खा हॉल हसला असता आणि झिप्रीही रात्री रडून सकाळी सावरली असती. पण मास्तरीणला नुसतं सुटायचं नव्हतं, तिला स्वतःला धुऊन घ्यायचं होतं. पुढच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "काही नाही मॅडम. हिला जरा अंगचटीला यायची सवय आहे. मला नाही आवडत."

तिच्या टाचा हवेत होत्या.

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग लाट आल्यासारख्या सगळ्या हसल्या. रेक्टरबाईंचा चेहरा बदलला. "बस खाली," त्या झिप्रीला म्हणाल्या, कोरड्या आवाजात, आणि पुढचा नंबर पुकारला. हसली नाही ती एकटी भोंगा. ती मास्तरीणकडे अशी बघत होती, जशी काही तिला ती पहिल्यांदाच बघते आहे. झिप्री खाली बसली नाही. खुर्ची तिथंच सोडून ती हसणाऱ्या रांगांमधून चालत दाराबाहेर गेली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि ज्या जागेवरून तो कापला गेला ती जागा माझी होती. मला त्या क्षणी मोडून पडता आलं असतं तर मी पडले असते. पण त्या सुतारानं मला फार पक्की केली होती.

मास्तरीण मला आणि जोडीदारणीला घेऊन खोलीत परतली तेव्हा झिप्री पेटी भरत होती. वाळलेली पानं वर्तमानपत्रासकट एकेक करून ठेवत होती, तुटू नयेत म्हणून. मास्तरीण मला टेकवून माझ्या पाठीमागे उभी राहिली, माझी वरची पट्टी धरून.

"मी घाबरले," ती म्हणाली.

"मीही घाबरले होते. तरी उभी राहिले."

"आईचं काय झालं असतं, विचार कर."

"केला. म्हणूनच तू नुसती बसून राहिली असतीस तर मी समजून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं." झिप्रीनं हातातलं पान खाली ठेवलं. "पण मला एक सांग. आता आपण दोघीच आहोत, इथं कुणी ऐकत नाही. मी खरंच तुझ्या अंगचटीला आले का गं? मी आठवून आठवून बघतेय मघापासून. पहिल्यांदा मीच येऊन बसले का तुझ्याजवळ? तुला नको असताना?"

मित्रांनो, एका वाक्याचं काम होतं. मी सरकले, मी बोलावलं, मी मनगट धरलं. हॉल नव्हता, रेक्टरबाई नव्हत्या, पुढची रांग नव्हती. मास्तरीणला फक्त झिप्रीची आठवण परत करायची होती, जी तिनं चारचौघांत हिसकावून घेतली होती.

मास्तरीणची बोटं माझ्या पट्टीवर घट्ट झाली. "आता ते उगाळून काय उपयोग?" ती म्हणाली.

झिप्रीनं मान डोलावली. पेटीचं झाकण लावलं. जाताना ती आम्हा दोन्ही खुर्च्यांच्या मधून अंग चोरून गेली, आम्हालाही धक्का लागू नये अशी. जी मुलगी दारातून येताना तीन वस्तू पाडायची, ती. मी तिला ओरडून सांगत होते, बाई गं, तू नाही, तू नव्हतीस, मला विचार. पण लाकडाला कसली वाचा? ती गेली, आणि तो प्रश्न सोबत घेऊन गेली. कुठंतरी कुणाच्या शेजारी बसायच्या आधी ती अजून थबकत असेल, या विचारानं माझे सांधे दुखतात.

पुढच्या वर्षी मास्तरीणला एकटीची खोली मिळाली. मला तिनं बरोबर न्यायचं म्हटलं होतं, मग विचार बदलला. हल्ली मी ऑफिसबाहेर असते. भेटायला आलेले पालक माझ्यावर बसतात, घाम पुसतात, घड्याळ बघतात. माझं वेत मध्ये ढिलं झालं आहे आणि उजवा मागचा पाय डुगडुगतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. खुर्चीला ओल्या फडक्यानं पुसू नका, दोन पायांवर झुलू नका, वेत सुटायला लागलं तर वेळेवर विणून घ्या. हे सगळं नाही केलंत तरी मी चालवून घेईन. पण कुणाला तुम्ही जवळ बोलावलं असेल, तर चारचौघांत विचारल्यावर निदान एवढं म्हणा, की बोलावलं मी होतं. उठून उभं राहायची छाती प्रत्येकाला नसते, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. बसून राहा. मान खाली घाला. वाटलं तर रडा. मात्र स्वतःच्या प्रेमाचा आळ दुसऱ्याच्या माथी मारू नका. मी पुष्कळ वजन सोसलं आहे, पण त्या दिवशी जे माझ्यावर बसून राहिलं, ते अजून उतरलेलं नाही.